एका बटणाचा स्टार्टर: डी फ्लिप-फ्लॉपपासून टी फ्लिप-फ्लॉप

शेतातल्या मोटारीचा स्टार्टर मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. हिरवं बटण दाबलं की मोटार चालू, लाल दाबलं की बंद. हिरवं दहा वेळा दाबलं तरी मोटार चालूच राहते. आता अशी कल्पना करा की स्टार्टरवर एकच बटण आहे. एकदा दाबलं की चालू, पुन्हा तेच दाबलं की बंद. हे करायचं तर आतल्या सर्किटला एक गोष्ट लक्षात ठेवावीच लागते, की आत्ता मोटार चालू आहे का बंद. आणि बटण दाबलं की जे आहे त्याच्या उलट करायचं. हेच काम टी फ्लिप-फ्लॉप करतो. टी म्हणजे टॉगल.

अडचण एवढीच की दुकानात जाऊन टी फ्लिप-फ्लॉपची आयसी मागितली तर ती सहसा मिळत नाही. मिळते ती डी फ्लिप-फ्लॉपची, म्हणजे ७४७४. म्हणून आपला टी आपणच डीपासून बनवायचा. मी लातूरला डिप्लोमाच्या मुलांचं डिजिटलचं प्रॅक्टिकल घेतो. हा प्रयोग कागदावर दोन मिनिटांत सुटतो आणि ब्रेडबोर्डवर दोन तास अडतो, हे मी दर वर्षी बघतो. ज्या समीकरणाने सर्किट बनवलं तेच समीकरण बिघाडसुद्धा शोधून देतं, हे समजलं की ते दोन तास वाचतात. म्हणून आधी समीकरण नीट बघू, मग वायरी.

दोन समीकरणं

फ्लिप-फ्लॉपकडे दोन क्षण असतात. क्लॉकची एज, म्हणजे क्लॉक ० वरून १ वर जाण्याचा क्षण, येण्याआधीचा आणि ती येऊन गेल्यानंतरचा. आधीच्या आउटपुटला Q म्हणू, नंतरच्या आउटपुटला Qn म्हणू. पुस्तकात Q च्या डोक्यावर किंवा पायाशी n+1 लिहितात, अर्थ तोच. कॅरॅक्टरिस्टिक इक्वेशन म्हणजे आधीची स्थिती आणि इनपुट माहीत असताना नंतरची स्थिती काय होणार ते सांगणारं वाक्य.

```
D flip-flop :  Qn = D
T flip-flop :  Qn = T xor Q
```

पहिलं समीकरण वाचा. उजवीकडे Q कुठेच नाही. म्हणजे डी फ्लिप-फ्लॉपला आपण आधी कुठे होतो याच्याशी देणंघेणं नाही. एज आली त्या वेळी डीवर जे होतं ते त्याने उचललं. दुसऱ्यात मात्र Q आहे. टी ० असेल तर Qn म्हणजे Q, जसं आहे तसं. टी १ असेल तर Qn म्हणजे Q च्या उलट. स्टार्टरचं एक बटण ते हेच.

आता डीला आपली आधीची स्थिती माहीत नसते आणि टीला ती माहीत असावी लागते. म्हणजे कुठूनतरी Q ची वायर मागे आणून डीच्या आधी काहीतरी गेट लावावं लागणार, एवढं टेबल न काढताही कळतं. कोणतं गेट, तेवढंच टेबलाला विचारायचं.

कोणतं टेबल कशाचं

इथे मुलं गोंधळतात, म्हणून जरा थांबू. आपल्या हातात दोन वस्तू आहेत. एक जी हवी आहे ती, टी. दुसरी जी आहे ती, डी.

जी हवी आहे तिचं कॅरॅक्टरिस्टिक टेबल घ्यायचं. कारण ते सांगतं की बाहेरून बघणाऱ्याला काय दिसायला हवं. जी हातात आहे तिचं एक्सायटेशन टेबल घ्यायचं. एक्सायटेशन टेबल उलटा प्रश्न विचारतं. या स्थितीतून त्या स्थितीत जायचं असेल तर इनपुटवर काय ठेवावं लागेल? डीचं एक्सायटेशन टेबल असं आहे:

```
Q  Qn | D
0  0  | 0
0  1  | 1
1  0  | 0
1  1  | 1
```

शेवटचा कॉलम आणि Qn चा कॉलम एकच आहे. साहजिकच आहे, डीला जिथे पोचायचं तेच डीवर ठेवायचं. आता दोन्ही टेबलं जोडून रूपांतराचं टेबल करू. डावीकडे टी आणि Q चे चारही प्रकार लिहा. मधला Qn चा कॉलम टीच्या समीकरणावरून भरा. उजवीकडचा डीचा कॉलम वरच्या एक्सायटेशन टेबलात बघून भरा.

```
T  Q | Qn | D
0  0 | 0  | 0
0  1 | 1  | 1
1  0 | 1  | 1
1  1 | 0  | 0
```

एक ओळ जवळून बघू, दुसरी. टी ० आहे, म्हणजे बटणाने काही बदलायचं नाही. Q आत्ता १ आहे, म्हणजे दिवा लागलेला आहे. तो लागलेलाच राहायला हवा, म्हणून Qn १. १ वरून १ वर राहायचं तर डीवर १ ठेवावा लागतो. मुलं या ओळीत हमखास ० लिहितात. त्यांच्या मनात असतं की टी ० आहे, काही करायचं नाही, म्हणून डीही ०. पण डी फ्लिप-फ्लॉपला 'काही करू नको' असं सांगण्याची सोयच नाही. डीवर ० ठेवला की पुढच्या एजला आउटपुट ० होणार, दिवा विझणार. त्याला आहे तसं ठेवायचं असेल तर त्याचाच Q त्याला परत द्यावा लागतो. या एका ओळीत सगळं रूपांतर आहे.

आता डीच्या कॉलममध्ये १ कुठे आलाय ते बघा. टी ० आणि Q १ असताना, आणि टी १ आणि Q ० असताना. के-मॅपमध्ये हे दोन १ तिरके बसतात, त्यांचा गट होत नाही, म्हणून दोन्ही टर्म तशाच राहतात.

```
D = T'Q + TQ' = T xor Q
```

म्हणजे एक एक्सऑर गेट. एका बाजूला टी, दुसऱ्या बाजूला Q, आउटपुट डीला.

हुशार मूल इथे विचारतं की सर, Qn = D आणि Qn = T xor Q, दोन्हीच्या डाव्या बाजू एकच, मग सरळ D = T xor Q लिहिलं तर चालत नाही का? चालतं. डीच्या बाबतीत टेबल न काढता एका ओळीत उत्तर येतं. तरी टेबल काढायला लावतो त्याचं कारण वेगळं आहे. डी आणि टीच्या जोडीत एक फसवी गोष्ट आहे. समजा तुम्ही टेबलं उलटी घेतली, डीचं कॅरॅक्टरिस्टिक आणि टीचं एक्सायटेशन, तर तुम्हाला T = D xor Q मिळेल. हे टीपासून डी बनवायचं सूत्र आहे, म्हणजे भलताच प्रश्न सोडवला. पण गेट तेच, एक्सऑर. वही तपासणाऱ्याच्याही नजरेतून सुटतं आणि मूल समजतं की आपल्याला जमलं. मग जेकेपासून टी करायला दिलं की चूक उघडी पडते. तिथे नीट केलं तर जे आणि के दोन्हीला टी जोडला की झालं, गेटच लागत नाही. उलटं केलं तर T = JQ' + KQ येतं, आणि मूल तीन गेटं आणि एक इन्व्हर्टर घेऊन बसतं. म्हणून सवय आत्ताच लावून घ्या. हवं त्याचं कॅरॅक्टरिस्टिक, आहे त्याचं एक्सायटेशन.

ब्रेडबोर्डवर

दोन आयसी लागतील. 74LS74, ज्यात दोन डी फ्लिप-फ्लॉप आहेत, आणि 74LS86, ज्यात चार एक्सऑर आहेत. दोन्ही चौदा पिनांच्या. खाच डावीकडे ठेवली की खाली डावीकडची पिन १. दोन्हींत पिन ७ ग्राउंड आणि पिन १४ पाच व्होल्ट. प्रत्येक आयसीच्या सातव्या आणि चौदाव्या पिनेच्या मध्ये शंभर नॅनोफॅरडचा डिस्क कपॅसिटर लावा, आणि आयसीच्या अगदी जवळ लावा.

```
74LS86-1   <-  T switch
74LS86-2   <-  74LS74-5   Q
74LS86-3   ->  74LS74-2   D
74LS74-3   <-  CLK
74LS74-4   ->  +5 V       PRE
74LS74-1   ->  +5 V       CLR
```

प्रीसेट आणि क्लिअर या दोन्ही पिना ० वर काम करतात, म्हणून त्यांना पाच व्होल्टला बांधून गप्प करायचं. मोकळ्या सोडल्या तर सर्किट बहुतेक वेळा चालतं आणि हात जवळ नेला की मधूनच पलटतं. त्या भानगडीत पडू नका.

टीच्या स्विचबद्दल एक गोष्ट. एलएस जातीच्या आयसीची इनपुट पिन ० वर ओढायची तर तिच्यातून बाहेर येणारा करंट गिळावा लागतो. ७४८६ च्या इनपुटला तो ०.८ मिलिअँपपर्यंत असू शकतो. तुम्ही इनपुट दहा किलोओहमच्या रेझिस्टरने ग्राउंडला ओढला तर त्यावर इतकं व्होल्टेज उभं राहतं की पिनेला ते ० वाटतच नाही. म्हणून रेझिस्टर पाच व्होल्टकडे लावा आणि स्विच ग्राउंडकडे. स्विच जोडलेला म्हणजे टी ०, स्विच उघडा म्हणजे टी १. उरलेल्या तीन एक्सऑरची इनपुटं थेट ग्राउंडला जोडून टाका.

दिवाही असाच विचार करून लावावा लागतो. एलएसचं आउटपुट १ असताना फार थोडा करंट देऊ शकतं, खात्रीचा म्हणाल तर ०.४ मिलिअँप. ० असताना मात्र ८ मिलिअँप गिळू शकतं. मुलं सरळ पाचव्या पिनेला एलईडी लावतात, कधी रेझिस्टरशिवायच. मग १ असताना ती पिन एलईडीच्या व्होल्टेजवर, दोन व्होल्टच्या आसपास खाली दाबून बसते. याच पिनेवरून आपण Q मागे एक्सऑरला नेलाय हे विसरू नका. एक्सऑरला १ म्हणून खात्रीने ओळखायला किमान दोन व्होल्ट लागतात. म्हणजे दिवा बघायच्या नादात फीडबॅकच काठावर आणला. त्यापेक्षा पिन ६ वापरा, तिथे Q च्या उलट आउटपुट आहे. पाच व्होल्टपासून ४७० ओहम, मग एलईडी, मग पिन ६. Q १ झाला की पिन ६ वर ० येतो, ती करंट गिळते, दिवा लागतो. पाचवी पिन फक्त फीडबॅकसाठी मोकळी राहते.

बटण एकदा दाबलं, एज किती आल्या?

आता क्लॉकला साधं पुश बटण लावून बघाल तर निराश व्हाल. दिवा कधी बदलतो, कधी बदलत नाही. यात समीकरणाची चूक नाही. बटणाच्या आतली पत्री एकदम टेकत नाही, काही मिलिसेकंद ती उसळते. आपल्याला एक दाबणं वाटतं, फ्लिप-फ्लॉपला पाच-सात एज दिसतात. डी फ्लिप-फ्लॉप एकटा असता तर हे कळलंही नसतं, कारण तोच डी सातदा उचलला तरी उत्तर तेच. पण टॉगल प्रत्येक एज मोजतो. सात एज आल्या तर बदललेलं दिसतं, सहा आल्या तर जिथल्या तिथे.

प्रॅक्टिकलच्या ट्रेनर किटवर पल्सरचं बटण असतं, ते आतून साफ केलेलं असतं, ते मिळालं तर वापरा. नसेल तर उपाय तुमच्या ब्रेडबोर्डवरच आहे. ७४७४ मध्ये दुसरा फ्लिप-फ्लॉप रिकामा पडलाय. त्याचा क्लॉक आणि डी ग्राउंड करून टाका आणि फक्त त्याचे प्रीसेट आणि क्लिअर वापरा, म्हणजे तो साधा एसआर लॅच होतो. स्टार्टरची हिरवी-लाल बटणंच ती.

यासाठी तीन टोकांचा मायक्रोस्विच घ्या, ज्यावर सी, एनसी, एनओ असं लिहिलेलं असतं.

```
switch C    ->  GND
switch NC   ->  74LS74-13   10k to +5 V
switch NO   ->  74LS74-10   10k to +5 V
74LS74-11   ->  GND
74LS74-12   ->  GND
74LS74-9    ->  74LS74-3
```

बटण न दाबता पिन १३ ग्राउंडला आहे, म्हणून पिन ९ वर ०. दाबलं की पत्री एनसी सोडते, हवेत जाते, मग एनओला टेकते. पहिल्यांदा टेकली त्याच क्षणी पिन ९ वर १ येतो. त्यानंतर ती कितीही उसळली तरी उसळताना ती हवेत असते, परत एनसीपर्यंत जात नाही, आणि हवेत असताना लॅच आहे तसाच राहतो. म्हणजे एका दाबण्याला एकच चढती एज. कुठलाही कपॅसिटर नाही, जास्तीची आयसी नाही. मला हा प्रयोग आवडतो तो यासाठीही, की एकाच आयसीत एक फ्लिप-फ्लॉप सेट-रीसेटचं काम करतो आणि शेजारचा टॉगलचं, आणि दोन्हींतला फरक बोटाने दाखवता येतो.

लाईट आली तेव्हा

सप्लाय चालू केला की दिवा कधी लागलेला असतो, कधी नसतो. फ्लिप-फ्लॉप जागा झाल्यावर कोणत्या बाजूला पडेल हे समीकरण सांगत नाही, कारण Qn काढायला आधी Q लागतो आणि पहिला Q कुणी दिलेलाच नसतो. आपल्याकडे शेतातली लाईट किती वेळा जाते-येते ते सगळ्यांना माहीत आहे. मोटारीच्या खऱ्या स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते. लाईट गेली की ती सुटते, आणि लाईट आल्यावर मोटार आपोआप चालू होत नाही. आपल्या सर्किटनेही तसंच वागावं.

त्यासाठी क्लिअरची पिन १ पाच व्होल्टला थेट न जोडता दहा किलोओहमच्या रेझिस्टरमधून जोडा, आणि त्या पिनेपासून ग्राउंडला दहा मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, अधिकची बाजू पिनेकडे. सप्लाय आला की कपॅसिटर रिकामा असतो, क्लिअरवर ० असतो, Q ० होतो. सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत कपॅसिटर भरतो आणि क्लिअर गप्प होतो. लाईट नुसती लुकलुकली तर कपॅसिटर रिकामा व्हायला वेळ मिळत नाही, म्हणून रेझिस्टरला समांतर एक 1N4148 डायोड लावा, त्याची पट्टी पाच व्होल्टकडे. सप्लाय पडला की कपॅसिटर त्यातून लगेच सुटतो.

हा दाखला मोटारीचा दिला म्हणून कुणी हे सर्किट घरी नेऊन स्टार्टरला जोडू नका. इथे पाच व्होल्ट आणि एक एलईडी आहे, तिथे थ्री-फेज आहे.

चार ओळी तपासा

सर्किट झालं की टेबलाच्या चारही ओळी करून बघायच्या, नुसता दिवा बदलला म्हणून खूश व्हायचं नाही. टी ० ठेवा, सप्लाय द्या, दिवा बंद असेल. बटण दाबा, बंदच राहिला पाहिजे. ही पहिली ओळ. टी १ करा. टीचा स्विच हलवताना दिवा बदलता कामा नये, बदलला तर क्लॉकची वायर तपासा. आता बटण दाबा, दिवा लागला, तिसरी ओळ. पुन्हा दाबा, विझला, चौथी ओळ. पुन्हा दाबून लावा, मग टी ० करा आणि दाबा. लागलेलाच राहिला तर दुसरी ओळ झाली. सगळ्यात जास्त सर्किटं या दुसऱ्या ओळीलाच पडतात, आणि नेमकी हीच ओळ मुलं तपासत नाहीत.

बिघडलं तर समीकरण लिहा

सर्किट चुकलं की मुलं सगळ्या वायरी उपटतात आणि पहिल्यापासून लावतात. त्याआधी पाच मिनिटं कागद घ्या. चुकीचं सर्किटही कुठल्यातरी समीकरणाप्रमाणेच वागत असतं. दिवा काय करतोय ते लिहा, त्यावरून त्याचं समीकरण ओळखा, मग कोणती वायर तसं समीकरण देईल ते दिसतं.

समजा टी ० असताना दिवा टॉगल होतोय आणि टी १ असताना थांबतोय. म्हणजे सगळं उलटं. टी १ असताना Qn = Q आणि टी ० असताना Qn = Q', म्हणजे D = T xor Q'. एक्सऑरला Q ऐवजी Q' पोचलाय. ७४८६ च्या पिन २ ची वायर ७४७४ च्या पिन ५ ऐवजी पिन ६ मध्ये आहे. शेजारचं भोक, एवढंच. किंवा टीचा स्विच तुम्ही मनात उलटा धरलाय. मीटरने ७४८६ च्या पिन १ वरचं व्होल्टेज बघा, दोन्हींतलं कोणतं ते लगेच कळेल.

समजा टी १ ठेवून दाबलं की दिवा विझतो आणि विझलेलाच राहतो, टी ० ठेवून दाबलं की लागतो आणि लागलेलाच राहतो. आधीच्या स्थितीचा काही परिणामच नाही. समीकरणात Q नाही, Qn = T' आहे. Q कुठे हरवला? फीडबॅकची वायर ब्रेडबोर्डमध्ये नीट बसलेली नाही. एलएसची मोकळी इनपुट पिन १ असल्यासारखी वागते, म्हणून D = T xor 1, म्हणजेच T'. मोकळी वायर सर्किटला मूक करत नाही, ती त्याचं समीकरण बदलते. हे एकदा बघितलं की पक्कं बसतं.

आणि एक किस्सा. उदगीरकडचा एक मुलगा तास संपत आला तरी बोर्ड सोडेना. 'सर, लाईट एकदा लागली की जायनाच. टी एक करा, झिरो करा, कितीबी दाबा.' वायरी मी तपासल्या, एक-एक पिन बरोबर. मग त्याला फळ्यावर लिहायला लावलं. दिवा बंद आणि टी ०, दाबलं तर बंदच. टी १, दाबलं तर लागतो. लागलेला असताना टी काहीही, लागलेलाच. चार ओळींतल्या तीन बरोबर आहेत, फक्त शेवटची चुकतेय, जिथे दोन्ही १ आहेत आणि ० यायला हवा तिथे १ येतोय. तो फळ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, 'हे तर ऑर गेट झालं.' आयसी काढून ट्यूबलाईटखाली तिरपी धरली. अक्षरं पुसट होती, पण वाचता आली, ७४३२. ऑर गेटच्या ७४३२ च्या आणि एक्सऑरच्या ७४८६ च्या पिना जिथल्या तिथे सारख्याच असतात, म्हणून वायरी बघून कधीच सापडलं नसतं. ते टेबलाच्या चौथ्या ओळीने सांगितलं.

लॅच आणि वेग

ड्रॉवरमध्ये कधी ७४७५ सापडते. तिच्यावरही डी लिहिलेलं असतं, पण ती फ्लिप-फ्लॉप नाही, लॅच आहे. लॅच एजला नव्हे, इनेबल १ असेपर्यंत सगळा वेळ उघडी असते. टी १ असताना डीवर Q' येतो, लॅच तो लगेच Q करते, मग डी पुन्हा उलटतो, पुन्हा Q उलटतो. इनेबल दाबून ठेवलं की दिवा अर्धवट उजेडाने जळतो, आणि सोडलं की कधी लागलेला, कधी विझलेला राहतो. Qn = D हे समीकरण लॅचलाही लागू आहे असं वाटतं, पण त्यातल्या n चा अर्थ 'पुढची एज' असा आहे आणि लॅचला एजच नाही. म्हणून Q मागे फिरवायचा असेल तर एजवर चालणारा फ्लिप-फ्लॉपच हवा.

फ्लिप-फ्लॉपमध्ये ही शर्यत का होत नाही तेही आकड्यांत बघता येतं. ७४एलएस७४ ला एज आल्यानंतर डी आणखी ५ नॅनोसेकंद स्थिर हवा असतो. Q बदलून, एक्सऑरमधून फिरून डीपर्यंत पोचायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो, तोवर दरवाजा बंद झालेला असतो. वरची मर्यादा याच वाटेने येते. Q बदलायला जास्तीत जास्त ४० नॅनोसेकंद, एक्सऑरला ३०, आणि पुढच्या एजच्या आधी डी २० नॅनोसेकंद स्थिर. एकूण ९०. म्हणजे साधारण ११ मेगाहर्ट्झपर्यंतचा क्लॉक याला निर्धास्त देता येतो. टी कायम १ च ठेवायचा असेल तर एक्सऑर काढून टाका आणि पिन ६ थेट पिन २ ला जोडा. D = 1 xor Q म्हणजे Q' च. फक्त या जोडणीत एलईडीला पिन ६ वर ४७० ओहमच राहू द्या, त्यापेक्षा कमी नको, कारण आता फीडबॅक त्या पिनेवरून जातोय. ५५५ चा सेकंदाला दोन पल्स देणारा क्लॉक लावलात तर दिवा सेकंदातून एकदाच लागून विझेल, बरोबर निम्म्या वेगाने.